वारंवार विचारले जाणारे प्रश्न: जन्मनोंद संशयास्पद असेल तर आरोपी अल्पवयीन होता की नाही, हे न्यायालय कसे ठरवते?

रत्नागिरी, रायगड आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून पालक, शिक्षक, सरपंच आणि नव्याने वकिली सुरू केलेली मंडळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सारे प्रश्न एकाच मुद्द्याचे आहेत: मुलाच्या वयाचे कागद एकमेकांशी जुळत नाहीत, तेव्हा न्यायालय कोणता कागद मानते आणि का. प्रश्न 5 मध्ये एक प्रकरण सविस्तर उलगडले आहे. ते कल्पित आहे, पण त्यातला प्रत्येक कागद कोकणातल्या घरांत आणि कार्यालयांत नेहमी सापडणारा आहे.

1. वय कोणत्या दिवशीचे धरतात? अटक झाली त्या दिवशीचे, की खटला चालू झाला त्या दिवशीचे?

गुन्हा घडला त्या दिवशीचे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, 2015 प्रमाणे गुन्ह्याच्या तारखेला ज्याची अठरा वर्षे पूर्ण झालेली नव्हती, तो विधिसंघर्षग्रस्त बालक. पूर्वी यावर मतभेद होते, कारण 2000 साली अर्णित दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुलाला न्यायालयापुढे हजर केल्याची तारीख महत्त्वाची मानली होती. 2005 साली प्रताप सिंग प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो प्रश्न निकालात काढला आणि तेव्हापासून गुन्ह्याची तारीखच धरली जाते. म्हणून खटला निकाली निघेपर्यंत आरोपी पंचवीस वर्षांचा झाला, तरी त्याचा अल्पवयीन असल्याचा दावा टिकतो.

2. पोलिसांनी एफआयआरमध्ये वय 19 लिहिले आहे. आता काय करायचे?

पोलिसांनी लिहिलेले वय हा पुरावा नव्हे. बहुतेक वेळा ते मुलाला तोंडी विचारून किंवा आधार कार्ड पाहून लिहिलेले असते. पहिल्या रिमांडच्या वेळीच दंडाधिकाऱ्यांना सांगावे की मुलगा अठराच्या आतला आहे, आणि हाताशी असेल तो कागद दाखवावा. कलम 9 प्रमाणे आरोपी बालक आहे असे दंडाधिकाऱ्यांचे मत झाले, तर त्यांनी ते मत नोंदवून मुलाला कागदपत्रांसह लगेच बाल न्याय मंडळाकडे पाठवायचे असते. न्यायालयापुढे असा दावा आला, किंवा न्यायालयाला स्वतःला तसे वाटले, तर न्यायालयाने चौकशी करून वयाचा निष्कर्ष नोंदवायचा असतो.

येथे पालक एक गोष्ट नेहमी विसरतात. चौकशी चालू असताना मुलाला कोठडीत ठेवणे आवश्यक वाटले, तर त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवता येते; तशी तरतूद कलम 9 मध्येच आहे. ती मागणी पहिल्या दिवशीच लेखी करावी. मुलगा एकदा प्रौढ कैद्यांमध्ये गेला की कागद गोळा होईपर्यंत जे आठवडे जातात, ते कोणीही भरून देऊ शकत नाही.

3. कोणता कागद आधी पाहतात? आमच्याकडे शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचा दाखला आणि आधार असे तीन आहेत आणि तिन्हींवर तारखा वेगळ्या आहेत.

क्रम कलम 94 मध्ये ठरवून दिला आहे. शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा परीक्षा मंडळाचे दहावीचे अथवा त्याच्या बरोबरीचे प्रमाणपत्र पहिल्या पायरीवर येते. ते नसेल तर महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने दिलेला जन्मदाखला पाहायचा. हे दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, म्हणजे ज्याला सगळे ऑसिफिकेशन टेस्ट म्हणतात ती, किंवा वय ठरवण्याची दुसरी अद्ययावत वैद्यकीय चाचणी करायची, आणि ती आदेशाच्या तारखेपासून पंधरा दिवसांत पूर्ण करायची.

आधार, रेशनकार्ड आणि वाहन परवाना या क्रमात कुठेच नाहीत. आधारवरची तारीख जन्मतारखेचा पुरावा म्हणून पुरेशी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली एका मोटार अपघात भरपाईच्या प्रकरणात सांगितले, आणि तेथे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. तरीही हे कागद निरुपयोगी ठरत नाहीत, आणि ते कधी कधी आरोपीवरच कसे उलटतात, ते प्रश्न 7 मध्ये सांगितले आहे.

आणखी एक बारकावा. 2007 च्या जुन्या नियमांत दहावीचे प्रमाणपत्र आधी आणि ‘पहिल्यांदा गेलेल्या शाळेचा’ दाखला नंतर असा क्रम होता. 2015 च्या अधिनियमाने दोघांना एकाच पायरीवर आणले. जुने निकाल वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा, कारण वकीलमंडळी अजूनही जुना क्रम नव्या प्रकरणांत सांगताना दिसतात.

4. शाळेचा दाखला पहिल्या पायरीवर आहे, तर तो दाखवला की विषय संपला ना?

तसे समजूनच बरीच प्रकरणे फसतात. पायरी पहिली असली, तरी तो कागद भरवशाचा आहे का, हा प्रश्न उरतोच. अश्वनीकुमार सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले की वयाची चौकशी म्हणजे सगळी पाळेमुळे खणणारा तपास नव्हे, आणि रीतसर दाखल्याच्या मागे जायचे ते तो बनावट किंवा फेरफार केलेला असल्याचे दिसले तरच. पण 2019 साली संजीवकुमार गुप्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख बाजूला ठेवली, कारण ती तारीख शाळेत कोणत्या आधारावर लिहिली गेली हे दाखवणारे काहीच नव्हते, आणि आधीच्या शाळेतली नोंद वेगळी होती. दोन्ही निकाल एकत्र वाचले की न्यायालय नेमके काय विचारते ते कळते: ही तारीख कोणी सांगितली, कोणी लिहिली, केव्हा लिहिली, आणि त्या वेळी तारीख बदलण्यात कोणाचे काही हित होते का?

कोकणात या प्रश्नाला फार जवळचा संदर्भ आहे. आपल्याकडे किती जणांचा वाढदिवस 1 जूनला येतो ते आठवून पाहावे. शाळा जूनमध्ये भरते, बाप पोराला हाताला धरून आणतो, तारीख माहीत नसते किंवा वय दोन महिन्यांनी कमी पडते, आणि गुरुजी प्रवेशासाठी वय बसेल असे 1 जून लिहून मोकळे होतात. त्यात लबाडी नव्हती; पोर वर्षभर घरी बसू नये, एवढीच तळमळ होती. पण तेरा वर्षांनंतर त्याच नोंदीवर एखाद्याचे आयुष्य ठरायची वेळ येते, तेव्हा ‘1 जून’ ही तारीख न्यायालयापुढे फार तकलादू ठरू शकते.

दुसरी अडचण कागदाच्या नावाची आहे. शाळा सोडल्याचा दाखला, प्रवेश-निर्गम उतारा आणि जन्मतारखेचा दाखला हे आपल्या बोलण्यात एकच असतात. पी. युवाप्रकाश प्रकरणात, जिथे पीडित मुलीच्या वयाचा प्रश्न होता, सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली शाळा बदलल्याचा दाखला आणि प्रवेश रजिस्टरचा उतारा हे कलम 94 मधल्या पहिल्या पायरीचे कागद मानले नाहीत. म्हणून मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचा स्वतंत्र दाखला मागून घ्यावा, आणि साक्षीच्या दिवशी त्यांनी मूळ जनरल रजिस्टर सोबत आणावे असा अर्ज द्यावा.

5. एखादे उदाहरण घेऊन सांगा ना. सगळे कागद उलटसुलट असतील तर न्यायाधीश नेमके काय काय पाहतात?

दापोली तालुक्यातल्या मच्छीमार वस्तीतला एक मुलगा घेऊ. 20 जून 2024 च्या रात्री, मासेमारी बंदीच्या काळात, बोटी वर ओढून शाकारलेल्या असताना जाळी ठेवण्याच्या खोपीत भांडण झाले, कोयत्याचा वार लागला आणि एक माणूस दगावला. मुलावर भारतीय दंड संहितेच्या कलम 302 खाली गुन्हा दाखल झाला, कारण नवी न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली आणि घटना त्याआधीची. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख 1 जून 2006. म्हणजे घटनेच्या दिवशी वय अठरा वर्षे आणि एकोणीस दिवस. पोलिसांनी प्रौढ म्हणून दोषारोपपत्र पाठवले आणि प्रकरण सत्र न्यायालयात गेले.

आई सांगते की मुलगा श्रावणातला, नारळी पौर्णिमेच्या आसपासचा. सासरच्या ग्रामपंचायतीत त्याची जन्मनोंद नाही. सरकारी अभियोक्ता म्हणतात की नोंदच नाही, तेव्हा शाळेची तारीख अंतिम. येथे बहुतेक लोक थांबतात. पण पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची नोंद जन्म झाला तेथे होते, कुटुंब राहते तेथे नाही. आईचे माहेर गुहागर तालुक्यात, बाळंतपण तिकडच्या सरकारी रुग्णालयात. तिकडच्या निबंधकाकडे उतारा मागितल्यावर नोंद सापडते: मुलगा, जन्म 11 ऑगस्ट 2006, नोंदणी 19 ऑगस्ट 2006. मुलाच्या नावाचा रकाना कोरा. आईचे नाव माहेरचे.

या तारखेप्रमाणे घटनेच्या दिवशी वय सतरा वर्षे दहा महिने. आता अभियोक्ता दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही रास्त आहेत. एक, शाळेचा दाखला उपलब्ध असताना खालच्या पायरीवर उतरायचे कशाला? दोन, नाव नसलेली नोंद याच मुलाची कशावरून? या बाईला झालेले दुसरे एखादे मूलही असेल, कदाचित न जगलेले.

पहिल्या आक्षेपासाठी मुख्याध्यापकांची साक्ष होते. जनरल रजिस्टरमध्ये प्रवेशाची तारीख 15 जून 2011, जन्मतारीख 1 जून 2006, म्हणजे त्या दिवशी वय पाच वर्षे आणि चौदा दिवस. त्याच पानावर प्रवेश घेतलेल्या सोळापैकी सात मुलांची जन्मतारीख 1 जून आहे. प्रवेश अर्जाला जन्मदाखला जोडलेला नाही. उलटतपासणीत मुख्याध्यापक मान्य करतात की नोंद त्यांच्या आधीच्या गुरुजींनी केली आणि ती कशावरून केली हे रजिस्टर सांगत नाही. बिरदमल सिंघवी प्रकरणापासून, म्हणजे 1988 पासून, न्यायालये हेच सांगत आली आहेत की शाळेच्या रजिस्टरमधली नोंद संबंधित पुरावा ठरते, पण ती ज्याच्या सांगण्यावरून झाली त्याची साक्ष नसेल तर तिचे वजन फारसे नसते.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर घरातच असते. रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले लसीकरणाचे कार्ड, कडा पावसाळी ओलीने तपकिरी झालेल्या, पण शाई वाचता येण्याजोगी. बीसीजी आणि पोलिओचा पहिला डोस 12 ऑगस्ट 2006. दीड महिन्याचा डोस 27 सप्टेंबर 2006, म्हणजे जन्मानंतर सत्तेचाळीस दिवसांनी, जसा असायला हवा तसा. मूल 1 जूनचे असते, तर हाच डोस जवळजवळ चार महिन्यांनी पडला असता आणि जन्मल्याबरोबर द्यायची बीसीजी अडीच महिन्यांनी. कार्डावर बाळाचे पाळण्यातले नाव आणि आईचे सासरचे नाव आहे, जन्मवजन 2.6 किलो आहे, आणि रुग्णालयाच्या प्रसूती रजिस्टरमध्ये त्याच तारखेला त्याच वजनाची नोंद आहे. आईची साक्ष होते: हे पहिले मूल, त्याआधी बाळंतपण नाही, गर्भपात नाही.

अशा स्थितीत शाळेची तारीख हा अंदाज ठरतो आणि जन्मनोंद ही त्या वेळी, ज्याला पुढे काय होणार याची कल्पनाही नव्हती अशा माणसाने, रीतसर एकवीस दिवसांच्या आत केलेली नोंद ठरते. न्यायालय शाळेचा दाखला अविश्वसनीय असल्याची कारणे लिहून दुसऱ्या पायरीवर येते आणि जन्मतारीख 11 ऑगस्ट 2006 धरते. कारणे लिहिणे महत्त्वाचे आहे. नुसते ‘आईची साक्ष विश्वासार्ह वाटते’ एवढ्यावर पायरी ओलांडली, तर असा आदेश उच्च न्यायालयात टिकणे कठीण.

6. वय सिद्ध करायची जबाबदारी कोणाची? आणि शपथपत्र दिले तर चालेल का?

सुरुवातीची जबाबदारी दावा करणाऱ्याची. त्याने कलम 94 मधला एखादा कागद पुढे ठेवला की तो खोटा किंवा अविश्वसनीय आहे हे दाखवणे दुसऱ्या बाजूवर येते. ऋषिपाल सिंग सोळंकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली ही सारी तत्त्वे एकत्र मांडली आहेत आणि नवख्या वकिलाने सुरुवात तेथूनच करावी. खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तितके काटेकोर माप वयाच्या चौकशीला लावत नाहीत. कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे हे पाहतात.

शपथपत्राबद्दल कलम 9 स्पष्ट आहे: न्यायालयाने आवश्यक तो पुरावा घ्यायचा, शपथपत्र घ्यायचे नाही. आई, वडील, सुईण, आशाताई किंवा शिक्षक यांना पिंजऱ्यात उभे राहून सांगावे लागते आणि उलटतपासणीला सामोरे जावे लागते. नोटरीसाठी खर्च केलेले पैसे वाया जातात, म्हणून आधीच सांगितलेले बरे.

7. जन्मनोंद बनावट आहे किंवा मागाहून केली आहे, हे न्यायालयाला कसे कळते?

बहुतेक वेळा तारीख खोटी पडत नाही, तिच्या भोवतालचे तपशील खोटे पडतात. कठुआ येथील 2018 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये असेच तपशील पाहिले. वडिलांनी 2004 साली तीन मुलांच्या जन्मनोंदीसाठी एकत्र अर्ज दिला होता, आणि त्या अर्जातल्या पहिल्या दोन मुलांच्या तारखांत जेमतेम तीन महिन्यांचे अंतर होते, जे निसर्गात शक्य नाही. ज्या रुग्णालयात जन्म झाल्याचे सांगितले, तेथे त्या दिवशी त्या मातेची नोंद नव्हती. कागदांवर असा भरवसा उरला नाही तेव्हा न्यायालयाने पाच डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल घेतला, ज्यात वय एकोणीस ते तेवीस सांगितले होते, आणि आरोपी प्रौढ धरला.

आपल्याकडच्या कार्यालयांत काय पाहावे? नोंद रजिस्टरमध्ये अनुक्रमाने आली आहे की दोन ओळींच्या मध्ये कोंबली आहे. आजूबाजूच्या नोंदींची शाई आणि हस्ताक्षर तेच आहे का. नोंदणीची तारीख गुन्ह्याच्या आधीची की नंतरची. जन्मानंतर वर्ष उलटल्यावर नोंद करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. 2023 च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून जिल्हा, उपविभागीय किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला आहे. अटकेनंतर असा आदेश मिळवून काढलेला दाखला दाखवला, तर त्याला न्यायालय फार कमी वजन देते, आणि ते योग्यच आहे, कारण तो दावा करण्यासाठीच जन्माला आलेला कागद असतो. अशी उशिराची नोंद खरी असू शकते. पण मग प्रश्न 5 मधल्या लसीकरण कार्डासारखा जुना, स्वतंत्र आधार लागतो.

प्रश्न 3 मध्ये आधार आणि परवाना उलटतात असे म्हटले, त्याचे कारण हे: संजीवकुमार गुप्ता प्रकरणात आरोपीने आधार आणि वाहन परवाना काढताना स्वतःहून जी तारीख दिली, ती दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या तारखेच्या तीन वर्षे आधीची होती. न्यायालयाने ती त्याच्याविरुद्ध विचारात घेतली. म्हणून सतराव्या वर्षी मोटारसायकल चालवता यावी म्हणून वय वाढवून परवाना काढणाऱ्या मुलांच्या पालकांना हे आवर्जून सांगावे लागते.

8. कागदच नाहीत. कातकरी वस्तीतला मुलगा आहे, शाळेत गेला नाही, जन्म वीटभट्टीवर झाला. हाडांच्या चाचणीवर किती भिस्त ठेवायची?

अशा मुलासाठी ही चाचणी एकमेव मार्ग असतो आणि तिची मर्यादा सगळ्यांनी समजून घ्यायला हवी. मनगट, कोपर, खांदा आणि कमरेच्या हाडाचे एक्स-रे काढून हाडांची टोके मुख्य हाडाशी जुळली आहेत का ते पाहतात, सोबत दात तपासतात. जुळण्याची क्रिया आहार, आजार आणि शरीरप्रकृतीप्रमाणे पुढेमागे होते. म्हणून उत्तर तारखेत मिळत नाही, टप्प्यात मिळते. जयमाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली मान्य केले की अशा तपासणीत दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक असू शकते.

अहवालात ‘17 ते 19’ आले तर? जुन्या नियमांत एक वर्षापर्यंत वय कमी धरण्याची सवलत लिहिलेली होती, ती 2015 च्या अधिनियमात नाही. तरीही अर्णित दास प्रकरणाचा एक भाग आजही मार्गदर्शक मानतात: सीमारेषेवरच्या प्रकरणात दोन मते शक्य असतील, तर अति-तांत्रिक न होता मुलाच्या बाजूचे मत घ्यावे. याला मर्यादा पराग भाटी प्रकरणाने 2016 साली घातली. कागद परस्परविरोधी आणि संशयास्पद असतील, आरोपीने वयाची ढाल करून गंभीर गुन्ह्यातून सुटू पाहिल्याचे दिसत असेल, तर ती सवलत आपोआप मिळत नाही. माझे मत असे की कागद मुळातच नसणे आणि खोटा कागद पुढे करणे यांत न्यायालयाने काटेकोर फरक करावा. वीटभट्टीवर जन्मलेल्या मुलाने काहीही लपवलेले नसते.

चाचणी लवकर व्हावी, हेही येथेच सांगणे गरजेचे आहे. पंचवीस-तिशीनंतर बहुतेक हाडे जुळून गेलेली असतात, आणि मग एक्स-रे ‘प्रौढ’ यापलीकडे काही सांगत नाही. पंचावन्नाव्या वर्षी केलेली चाचणी निर्णायक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली रामविजय सिंग प्रकरणात म्हटले.

9. शिक्षा होऊन दहा वर्षे झाली. आता हा दावा करता येतो का?

येतो. कलम 9 प्रमाणे दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर, खटला अंतिमतः निकाली निघाल्यावरही करता येतो. पुण्यातल्या 1994 च्या हत्याकांडातल्या एका आरोपीला फाशीची शिक्षा झाली होती. त्याच्यावर खटला चालला तो एका नावाने आणि राजस्थानातल्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नाव होते दुसरे, मिळतेजुळते. सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा व सत्र न्यायाधीशांकडून चौकशी करवून घेतली, दोन्ही नावे एकाच माणसाची असल्याचे मान्य केले आणि मार्च 2023 मध्ये जाहीर केले की गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. तोपर्यंत त्याने अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला होता.

एवढ्या उशिरा दावा करताना प्रथमदर्शनी पुरेसा पुरावा द्यावा लागतो, हे अबुझर हुसेन प्रकरणात 2012 साली सांगितले आहे. शिक्षा झाल्यावर केवळ पालकांचे म्हणणे सहसा पुरत नाही. शाळेचे किंवा जन्मनोंदीचे कागद लागतात.

10. गुन्हा नेमका अठराव्या वाढदिवशी घडला तर?

जन्माचा दिवस पूर्ण दिवस धरून मोजतात, म्हणून वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशी संपते. 1986 साली प्रभुदयाल सेस्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वय असेच मोजले. अठराव्या वाढदिवशी घडलेल्या गुन्ह्याला अल्पवयीनत्वाचा लाभ मिळणे म्हणून कठीण. मध्यरात्रीच्या आसपासची घटना असेल, तर एफआयआरमधली वेळ आणि साक्षीदारांची वेळ यांवर सारा वाद येऊन ठेपतो.

11. अल्पवयीन ठरला म्हणजे सुटला का? मयताच्या घरच्यांनी काय समजायचे?

नाही, सुटत नाही. वय ठरल्याने प्रकरण कोणापुढे चालणार हे ठरते. कलम 9 प्रमाणे मुलगा बाल न्याय मंडळाकडे जातो आणि आधी काही शिक्षा झाली असेल तर तिचा परिणाम राहत नाही. प्रश्न 5 मधला मुलगा सोळा पूर्ण केलेला आणि अठराच्या आतला आहे, आणि खुनाला किमान शिक्षा सात वर्षांहून अधिक असल्याने हा निर्घृण गुन्ह्यांच्या वर्गात येतो. म्हणून मंडळ कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन करते: कृत्य करण्याची त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि घटनेची परिस्थिती. त्यानंतर मंडळ त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकते. मात्र फाशी किंवा सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप त्याला देता येत नाही. मयताच्या कुटुंबाने वयाच्या चौकशीत आपले म्हणणे मांडायला हवे आणि मूळ रजिस्टर मागवण्याची मागणी करायला हवी. कागद खरा की खोटा याचा निवाडा त्यांच्याही न्यायाचा भाग आहे.

12. वयाचा आदेश मान्य नसेल तर कुठे जायचे?

मंडळाच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येते. सत्र न्यायालयाने कलम 9 खाली दिलेल्या आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात जावे लागते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, कारण 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. रायगडचे प्रकरण मात्र मुंबईलाच जाते.

13. न्यायालयाने जन्मतारीख बदलून धरली, तर शाळेच्या दाखल्यावरची तारीखही बदलते का?

आपोआप बदलत नाही. कलम 94 प्रमाणे मंडळाने नोंदवलेले वय हे त्या अधिनियमापुरते खरे वय मानले जाते. शाळेच्या दाखल्यावरची दुरुस्ती हा शिक्षण विभागाचा वेगळा विषय आहे, आणि प्रकरण चालू असताना तो अर्ज देऊ नये. नव्याने दुरुस्त केलेला दाखला पाहिला की अभियोक्त्यांना प्रश्न 7 मधले सगळे प्रश्न पुन्हा विचारायला वाव मिळतो.